कामगाराने काम सोडलं की दोन दिवसांत हिशेब : छोटे कारखानदार आणि सुपरवायझर यांच्यासाठी नवीन वेतन नियम

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अधिसूचना काढून चार नवीन कामगार संहिता लागू केल्या. आधीचे २९ कामगार कायदे त्यात सामावले आहेत. त्यातला वेतन संहिता २०१९ हा भाग रोजच्या पगाराशी थेट जोडलेला आहे. तालुक्याच्या एमआयडीसीत किंवा गावाच्या वेशीवर वर्कशॉप, मिल, गिरणी चालवणाऱ्यांनी आणि तिथल्या सुपरवायझरनी त्यातलं नेमकं काय पाहायचं, ते एका उदाहरणातून समजून घेऊ.

"आपल्याकडे वीसच्या आत माणसं आहेत"

अनेक मालक इथेच चुकतात. नव्या नियमांत विजेवर चालणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणायला २० कामगार लागतात, आधी १० पुरत होते. त्यामुळे १४ माणसांच्या वर्कशॉपच्या मालकाला वाटतं, आपण सुटलो. पण वेतन संहितेला माणसांच्या संख्येची अट नाही. एक कामगार असला तरी किमान वेतन, वेळेवर पगार आणि कपातीचे नियम लागू होतात. आधी पगार वेळेवर देण्याचा कायदा ठरावीक रकमेपर्यंतच्या पगारालाच लागू होता. आता तीही मर्यादा उरलेली नाही.

'वेतन' कशाला म्हणायचं?

बेसिक आणि महागाई भत्ता म्हणजे वेतन. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, बोनस, कमिशन यासारख्या गोष्टी त्यातून वगळलेल्या आहेत. मात्र या वगळलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरची रक्कम परत वेतनात धरायची. बेसिक कमी आणि भत्ते जास्त दाखवून ओव्हरटाइम व ग्रॅच्युइटी वाचवायची सवय यामुळे बंद होते.

समजा, १४ कामगारांच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणाऱ्या फिटरचा महिन्याचा पगार ३१,२०० रुपये आहे. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १३,०००, घरभाडे ११,००० आणि प्रवास भत्ता ७,२००. म्हणजे भत्ते झाले १८,२०० रुपये. एकूण पगाराचा निम्मा भाग १५,६००. भत्ते त्यापेक्षा २,६०० रुपयांनी जास्त आहेत, म्हणून ते २,६०० वेतनात मिळवायचे. फिटरचं वेतन १३,००० नाही, १५,६०० धरायचं.

याने त्याच्या हातात येणारा महिन्याचा पगार आपोआप वाढत नाही. पण ज्या रकमा वेतनावर मोजतात, त्या बदलतात.

ओव्हरटाइम दुप्पट

ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम घेतलं तर दुप्पट दर द्यावा लागतो. २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं, तर १५,६०० वेतनाचा दिवस ६०० रुपये आणि तास ७५ रुपये होतो. ओव्हरटाइमचा तास म्हणजे १५० रुपये. १३,००० धरून काढला असता तर तो १२५ झाला असता. फिटरने १२ तास ओव्हरटाइम केला तर त्याचे १,८०० रुपये होतात. जुन्या पद्धतीने १,५०० देऊन भागवलं, तर ३०० रुपये कमी दिले असं धरलं जाईल.

दहा किंवा जास्त कामगार असतील तर ओव्हरटाइमला कामगाराची संमतीही लागते. म्हणून सुपरवायझरने जादा तासांची नोंद त्याच दिवशी वहीत करून सही घ्यावी. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेल्या तासांवरून हमखास वाद होतो.

काम सोडलं, आता हिशेब

समजा, महिन्याची पहिली तारीख बुधवारी आली. फिटरने राजीनामा दिला आणि १० तारखेचा शुक्रवार हा त्याचा शेवटचा दिवस ठरला. साप्ताहिक सुट्टी रविवारी. पुढचे दोन कामाचे दिवस म्हणजे शनिवार आणि सोमवार. सोमवारी संध्याकाळपर्यंत त्याचा पगार चुकता व्हायला हवा. "पुढच्या महिन्याच्या सात तारखेला ये" हे उत्तर आता चालत नाही. माणूस स्वतः सोडून जावो, कामावरून काढलेला असो किंवा वर्कशॉप बंद पडलेलं असो, नियम हाच. जो कामावर आहे, त्याच्या मासिक पगाराची मुदत मात्र पुढच्या महिन्याची सात तारीख हीच आहे.

हिशेब असा होईल. रविवार सोडून त्याने नऊ दिवस काम केलं. इथे भत्त्यांसह पूर्ण पगार धरायचा, म्हणजे दिवसाला १,२०० प्रमाणे १०,८०० रुपये. त्यात ओव्हरटाइमचे १,८०० मिळवले की १२,६०० रुपये. त्याने ५,००० रुपये उचल घेतली असेल आणि तिची लेखी नोंद असेल, तर ती कापता येते. सगळी कपात मिळून त्या हिशेबाच्या निम्म्याहून, म्हणजे ६,३०० हून, जास्त करता येत नाही. उचल वजा जाता फिटरच्या हातात ७,६०० रुपये पडले पाहिजेत.

ग्रॅच्युइटी वेगळी. तिला ३० दिवसांची मुदत आहे. फिटरची सलग सहा वर्षं झाली असतील तर वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाने, म्हणजे ६०० गुणिले १५ गुणिले ६, असे ५४,००० रुपये होतात. ठरावीक मुदतीच्या कराराने घेतलेल्या कामगाराला पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षानंतरही त्याचा हक्क लागू होतो.

"ड्रिल मोडलं, कापा पैसे"

शॉप फ्लोअरवर हे वाक्य नेहमी ऐकू येतं. नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळेच झालं आणि ती वस्तू त्याच्या ताब्यात दिलेली होती, हे दाखवता आलं तरच भरपाई कापता येते, तीही झालेल्या नुकसानीएवढीच. आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. शिस्तीसाठीचा दंड वेतनाच्या ३ टक्क्यांहून जास्त नसावा आणि घटनेला ९० दिवस उलटल्यावर तो वसूल करता येत नाही. सुपरवायझरने तोंडी ठरवलेला दंड टिकत नाही.

वाद झाला तर

कामगाराला तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो आणि पैसे दिल्याचा पुरावा मालकालाच द्यावा लागतो. कमी पैसे दिल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा सिद्ध झाली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काही प्रकारांत निरीक्षक खटल्याआधी चूक सुधारायची संधी देतो, पण पाच वर्षांत तोच प्रकार पुन्हा केला तर ती संधी मिळत नाही.

म्हणून मालकाने या महिन्याचं पगारपत्रक काढून प्रत्येक माणसासमोर भत्त्यांची बेरीज आणि एकूण पगाराचा निम्मा भाग लिहून पाहावा. बेसिक आणि महागाई भत्ता राज्याच्या किमान वेतनाच्या दरापेक्षा कमी नाही ना, हेही त्याच वेळी तपासावं. जुन्या कायद्याखाली ठरलेले दर नवीन दर येईपर्यंत चालू आहेत. आणि कोणी "उद्यापासून येत नाही" म्हटलं, की सुपरवायझरने ती तारीख त्याच दिवशी ऑफिसला कळवावी. दोन दिवसांची मुदत तिथूनच मोजली जाते.