जड इंग्रजी म्हणजे औपचारिक इंग्रजी?

यवतमाळपासून वणी-पुसदपर्यंत स्पर्धा परीक्षेच्या कोणत्याही क्लासमध्ये एक सल्ला हमखास मिळतो. नोटीस किंवा अर्जासाठी चार पर्याय दिले असतील, तर सगळ्यात लांब आणि जड शब्दांचा पर्याय निवडावा. या सल्ल्यामागे काहीच तर्क नाही असे नव्हे. ज्याचे इंग्रजी कच्चे आहे त्याला ठरीव वाक्ये आधार देतात आणि साहेबालाही ती ओळखीची वाटतात, असे या पक्षाचे म्हणणे. ते मान्य करूनही निष्कर्ष चुकीचाच राहतो, कारण औपचारिकता शब्दाच्या वजनावर ठरत नाही. वाचणारा कोण आहे, तो कधी वाचणार आहे आणि वाचून त्याने काय करायचे आहे, यावर ती ठरते.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. निळोणा आणि चापडोह धरणांवर भिस्त ठेवणाऱ्या यवतमाळला ते समजावून सांगावे लागणार नाही. समजा, एका हॉस्टेलमध्ये मंगळवारी, 21 एप्रिलला नळ येणार नाही आणि नोटीस इंग्रजीत लावायची आहे. पहिला पर्याय असा: ‘इन्मेट्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट ड्यू टू पॉसिटी ऑफ वॉटर, इनकन्व्हिनियन्स मे बी कॉज्ड.’ भारदस्त खरा, पण पाणी कधी नाही तेच त्यात सापडत नाही. ‘हिअरबाय’ शोभतो तो जिथे कागदानेच काम घडते तिथे: नेमणूक, निलंबन, रद्द करणे. इथे तो काढला तरी काही बिघडत नाही.

दुसरा पर्याय: ‘नो वॉटर टुमॉरो, सो फिल युअर बकेट्स टुनाइट!’ हा सुटसुटीत आहे आणि मित्रांच्या ग्रुपवर अगदी बरोबर आहे. फळ्यावर मात्र तो फसतो, आणि त्याचे कारण ‘बकेट’ हा साधा शब्द नाही. कारण आहे ‘टुमॉरो’. मोबाइलवरच्या निरोपासोबत त्याची तारीख-वेळ येते. फळ्यावरचा कागद कोणी रविवारी वाचतो, कोणी मंगळवारी. म्हणून तिसरा पर्याय: ‘वॉटर विल नॉट बी सप्लाइड टू द हॉस्टेल ऑन ट्यूजडे, 21 एप्रिल. स्टुडंट्स शुड स्टोअर वॉटर ऑन मंडे इव्हनिंग.’ पाणी कोण बंद करतो हे विद्यार्थ्याला कळण्याची गरज नाही, म्हणून कर्मणी रचना इथे साजते. यात एकही शब्द शब्दकोशात शोधावा लागत नाही, तरी वाक्य पुरेपूर औपचारिक आहे. सीबीएसईच्या बारावीत नोटीस 50 शब्दांत लिहायची असते; तिथे भारदस्तपणाला जागा तरी कुठे?

अर्जात घोटाळा वेगळा होतो. ‘आय मोस्ट हम्बली बेग टू स्टेट’ने सुरुवात आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ने शेवट. मधल्या मजकुरात तक्रार असते, मागणी नसते. वॉर्डनने नेमके करायचे काय? ‘आय रिक्वेस्ट यू टू अरेंज अ टँकर बाय मंडे इव्हनिंग’ म्हटले की आदरही राहतो आणि कामही कळते. ‘कान्ट’ऐवजी ‘कॅनॉट’ लिहावे. ‘डिअर सर’ असेल तर खाली ‘युअर्स फेथफुली’, नावाने संबोधले असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’, हा ब्रिटिश संकेत पाळावा. बाकी याचना साहेबांच्या राज्यातली. खुद्द ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ लिहिले, ते 1948 साली! आपण मात्र त्यांनी टाकू पाहिलेली भाषा अजून जपून ठेवली आहे. कोर्टातल्या अर्जाची गोष्ट निराळी. तिथला साचा ठरलेला असतो आणि तो मोडू नये.

राहिले चॅट. इथे उलट समज आहे: मोबाइलवर आहे म्हणजे कसेही चालते. पण माध्यम बदलले म्हणून नाते बदलत नाही. वॉर्डनला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारताना ‘सर, विल द टँकर कम टुडे?’ इतके पुरते. ‘सर’ राहतो, शब्द पूर्ण लिहिले जातात, अर्जाची सुरुवात आणि शेवट गळतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मार्टिन जूस यांनी इंग्रजीच्या पाच शैली मांडल्या, त्यातली मधली याच्या अगदी जवळची. उलट रूममेटला ‘आय वुड लाइक टू रिक्वेस्ट यू’ असे पाठवले, तर आपण रागावलो आहोत असेच तो समजेल.

तेव्हा परीक्षेत लांबी मोजू नये. नोटिशीत तारीख, वेळ आणि कृती नसलेला पर्याय आधी खोडावा. अर्जात मागणी नसलेला. दोन उरले, तर परका शब्द शोधावा: ‘द मीटिंग हॅज बीन पोस्टपोन्ड, सो चिल’ या वाक्यात तो शेवटी सापडतो.