संदर्भावरून शब्दार्थ लावण्याचे अध्यापन

उतारा वाचताना अनोळखी शब्द आला, तर त्याच्या आजूबाजूच्या वाक्यांवरून त्याचा अर्थ ताडण्याचे कौशल्य विद्यार्थ्यांना शिकवणे, असा या विषयाचा आवाका आहे. शाळेत हे काम मुख्यतः आकलनाच्या उताऱ्यांवर होते. शिष्यवृत्ती परीक्षेतील भाषेचे उतारे आणि दहावीच्या कृतिपत्रिकेतील अपठित गद्य ही त्याची नेहमीची ठिकाणे. पाठ्यपुस्तकातील धड्याला शब्दार्थ जोडलेले असतात, अपठिताला ते नसतात, आणि विद्यार्थी नेमका तिथेच अडतो. धड्याआधी शब्दार्थ फळ्यावर लिहून देण्याची पद्धत सोयीची असली, तरी तिच्यामुळे अंदाज बांधण्याची वेळच येत नाही.

वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्यासारख्या भागात या कौशल्याला एक वेगळी बाजू आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अमरावती जिल्ह्याला लागून असलेल्या या संत्र्याच्या पट्ट्यात घरची बोली वऱ्हाडी वळणाची आणि पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी. त्यामुळे विद्यार्थ्यापुढे दोन तऱ्हेचे शब्द येतात. काही शब्द त्याने कधीच ऐकलेले नसतात. काही त्याच्या चांगल्या ओळखीचे असतात, पण पुस्तकात ते दुसऱ्याच अर्थाने आलेले असतात. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण तिथे आपल्याला शब्द येत नाही हे विद्यार्थ्याच्या लक्षातच येत नाही.

‘वावर’ हे त्याचे ठळक उदाहरण. घरी वावर म्हणजे शेत. ‘त्या टेकडीवर बिबट्याचा वावर वाढला होता’ हे वाक्य वाचून बिबट्याचे शेत असे कोणी म्हणणार नाही. पण ‘टेकडीजवळच्या शेतात बिबट्या येतो’ असा अर्थ पाचवीतला मुलगा सहज सांगतो, आणि तो इतका जुळता वाटतो की शिक्षकही पुढे सरकतात. इथे वाक्याचे व्याकरण मदतीला येते. शेत या अर्थाचे वावर नपुंसकलिंगी आहे: माझं वावर, मोठं वावर. उताऱ्यातले ‘बिबट्याचा वावर’ पुल्लिंगी आहे, म्हणजे तो वेगळा शब्द असला पाहिजे. ‘बंडी’च्या बाबतीत लिंगाचा उपयोग होत नाही. बैलबंडी स्त्रीलिंगी आणि अंगात घालायची बिनबाह्यांची बंडीही स्त्रीलिंगीच. तिथे क्रियापद बघावे लागते: बंडी जुंपली की घातली? वऱ्हाडीत भेदरे म्हणजे टोमॅटो, पण ‘भेदरलेले पाडस आईला बिलगले’ यात ‘लेले’ हा शेवट शब्द क्रियापदापासून बनल्याचे सांगतो आणि ‘बिलगले’ ही कृती भीतीकडे बोट दाखवते.

या उदाहरणांमधून अध्यापनाचा मुख्य नियम निघतो: शब्दाचे रूप अर्थासाठी शेवटी बघावे, आधी वाक्य बघावे. क्लार्क आणि नेशन यांनी 1980 मध्ये मांडलेल्या क्रमातही हेच आहे. शब्द नाम आहे की क्रियापद की विशेषण, हे प्रथम ठरवायचे. मग त्याच वाक्यात तो कोणाशी जोडला आहे ते पाहायचे. त्यानंतर मागची-पुढची वाक्ये कारण, विरोध, परिणाम किंवा उदाहरण यांपैकी कोणत्या नात्याने जोडलेली आहेत ते शोधायचे, मग अंदाज बांधायचा आणि शेवटी तो तपासायचा. शब्दाचे तुकडे पाडून अर्थ लावणे हे तपासणीच्या टप्प्यावरचे काम आहे. ते आधी केले की डोक्यात एक अर्थ पक्का बसतो आणि पुढचा सगळा उतारा त्या अर्थाच्या मापाने वाकवला जातो.

मराठीत मात्र रूपाकडे एका कारणासाठी सुरुवातीलाच बघावे लागते. प्रत्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते. ‘ओहोळाकाठच्या’ हा एक अजस्र शब्द वाटतो, पण त्यातून ‘ओहोळ’ आणि ‘काठ’ वेगळे काढले की निम्मे काम होते, कारण काठ पाण्याला असतो. मूळ शब्द मोकळा करणे आणि त्या मूळ शब्दावरून अर्थ तर्कणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आधी करावी, दुसरी नंतर. वर्गात हा फरक सांगितला नाही, तर विद्यार्थी दोन्ही एकदम करतो.

प्रत्यक्ष तासाला उतारा ऐंशी ते सव्वाशे शब्दांचा आणि अनोळखी शब्द दोन-तीन, एवढेच प्रमाण ठेवावे. अनोळखी शब्द अधिक झाले की आधाराला धरायची वाक्येच अनोळखी होतात. हू आणि नेशन यांनी 2000 मध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात कथात्मक मजकूर मदतीशिवाय नीट समजण्यासाठी त्यातले सुमारे 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात, असे दिसले. हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि मोजणीच बदलते. दर पन्नास शब्दांमागे एखादाच अडथळा, हा अंदाज मात्र उतारा निवडताना उपयोगी पडतो.

सहावी-सातवीच्या वर्गासाठी रचलेला पुढील उतारा नमुन्यादाखल घेता येईल. ‘गावाबाहेर पडले की पाणंद सुरू होई. दोन्ही बाजूंना निवडुंगाचे दाट कुंपण आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढीच जागा. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल होई. समोरून दुसरी गाडी आली, की आधी मागे कोणी सरायचे यावर हमखास बाचाबाची व्हायची. शेवटी एकाला नमते घ्यावे लागे.’

पहिला शब्द ‘पाणंद’. ती ‘सुरू होई’, म्हणजे ती लांबवर जाणारी किंवा काही काळ चालणारी गोष्ट आहे. हे वाक्य एकटे पुरत नाही. ‘गावाबाहेर पडले की शाळा सुरू होई’ हेही चालून जाईल. दुसऱ्या वाक्यात कुंपणे, मधली जागा आणि गाडी येते, तिसऱ्यात चिखल. आता अरुंद कच्ची वाट याखेरीज दुसरे काही उरत नाही. अंदाज झाल्यावर शब्दाच्या रूपाकडे वळले, की आष्टीच्या विद्यार्थ्याला त्याच्या ओळखीची पांदण दिसते: शेताला जाणाऱ्या अशा वाटेला विदर्भात पांदण म्हणतात. इथे रूपाने अंदाजाला दुजोरा दिला. सुरुवातच रूपापासून केली असती, तर पाणी, पाणथळ, पाणवठा यांपैकी काहीही हाती लागले असते, आणि तिसऱ्या वाक्यातल्या चिखलाने ते खरेही वाटले असते.

‘बाचाबाची’साठी वर्गात ‘अपघात’, ‘गर्दी’, ‘भांडण’ अशी उत्तरे येऊ शकतात. प्रत्येक शब्द वाक्यात घालून पाहावा. ‘कोणी मागे सरायचे यावर अपघात’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. एखाद्या गोष्टीवर वाद होतो, भांडण होते. म्हणजे ‘यावर’ हा छोटा शब्दच खरा पुरावा आहे, आणि मुलांच्या नजरेतून निसटतो तोही तोच. या तपासणीत मराठीची एक अडचण आहे. बाचाबाची स्त्रीलिंगी, भांडण नपुंसकलिंगी. नुसता शब्द बदलला तर ‘भांडण व्हायची’ असे होते आणि कानाला खटकल्यामुळे विद्यार्थी बरोबर उत्तर खोडतो. क्रियापद जुळवून घेऊन मगच वाक्य तपासायचे, हे स्पष्ट सांगावे लागते. ‘नमते घेणे’ हा वाक्प्रचार आहे. त्यातले ‘घेणे’ ओळखीचे असले तरी काही हाती घेतले जात नाही. ‘शेवटी’ हा शब्द भांडण मिटल्याचे सुचवतो आणि ‘एकाला’ हा शब्द ते कोणाच्या तरी माघारीने मिटल्याचे सांगतो.

वहीत अंदाजाबरोबर पुरावाही लिहून घ्यावा: कोणत्या शब्दांवरून हे ठरवले, ते अधोरेखित करायचे. गुण देतानाही तो मोजावा. पुरावा बरोबर आणि अर्थ थोडा चुकलेला असेल, तर ते पुराव्याविना आलेल्या बरोबर अर्थापेक्षा पुढचे पाऊल आहे. यामुळे आणखी एक गोष्ट उघड होते. 16 ऑगस्ट 1942 च्या आष्टीतील उठावावर उतारा दिला, तर ‘हुतात्मा’ या शब्दाचा अर्थ तिथला विद्यार्थी उतारा न वाचताच सांगतो. ते त्याचे पूर्वज्ञान आहे. ते मोलाचे असले, तरी त्यावरून संदर्भ वाचता येतो असा निष्कर्ष काढता येत नाही.

सगळे संदर्भ मदत करत नाहीत, ही बाब अनेक मार्गदर्शिकांतून गाळली जाते. बेक, मॅककोन आणि मॅककॅस्लिन यांनी 1983 मध्ये संदर्भांचे चार प्रकार पाडले: अर्थ दाखवणारा, दिशा तेवढी देणारा, काहीच न सांगणारा आणि चकवणारा. ‘अंगणात एक अजस्र वृक्ष होता’ यातून अजस्र म्हणजे जुना, वाळलेला, उंच की प्रचंड, हे कळायला मार्ग नाही. ‘मुलगा पहिला आला आणि आईच्या डोळ्यांत आसवे उभी राहिली’ हे वाक्य तर चकवते. आनंदाच्या प्रसंगामुळे मुले ‘स्वप्ने’ म्हणतात, आणि तो शब्द वाक्यात व्याकरणानेही बसतो. म्हणून ‘इथे कळत नाही’ हे उत्तरही वर्गात मान्य असायला हवे. तसे नसेल तर विद्यार्थी ठोकून द्यायला शिकतो.

अपेक्षाही मर्यादित ठेवाव्या लागतात. स्वॅनबॉर्न आणि द ग्लोपर यांनी 1999 मध्ये वीस प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सहज वाचनातून शंभर अनोळखी शब्दांपैकी सुमारे पंधराच शब्द विद्यार्थी काही प्रमाणात शिकतात, असे आढळले. कुन आणि स्टाल यांच्या 1998 च्या आढाव्यानुसार संकेतांचे प्रकार नावानिशी शिकवलेले वर्ग, नुसता भरपूर सराव केलेल्या वर्गांच्या पुढे गेले नाहीत. त्यामुळे ‘विरोधाचा संकेत’, ‘व्याख्येचा संकेत’ अशी नावे पाठ करून घेण्यात तास घालवण्यापेक्षा आठवड्याला दोन-तीन छोटे उतारे सोडवून घेणे फायद्याचे.

शिष्यवृत्तीसारख्या बहुपर्यायी परीक्षेत कौशल्याचे स्वरूप थोडे बदलते. तिथे अर्थ सुचवावा लागत नाही, चारांतून निवडावा लागतो. चांगल्या प्रश्नात चुकीचे पर्यायही त्या एका वाक्यात बसतात आणि पुढच्या वाक्यापाशी बाद होतात. म्हणून पर्याय झाकून आधी आपला अंदाज लिहायचा आणि मग जवळचा पर्याय शोधायचा, हा सराव उपयोगी ठरतो.

अंदाजावर सोडू नयेत असेही शब्द आहेत. विज्ञानातील ‘घनता’, ‘आम्ल’, भूगोलातील ‘क्षरण’ या संज्ञांना ठरावीक अर्थ असतो आणि ढोबळ अंदाज तिथे चूकच धरला जातो. कीटकनाशकाच्या डब्यावरची किंवा औषधाच्या चिठ्ठीवरची सूचनाही याच वर्गातली. असे शब्द शिक्षकाने सरळ सांगावेत किंवा कोशातून काढायला लावावेत.