मार्चअखेरची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्यात वर्ष नेमके कधी सुरू होते, हा प्रश्न ज्याला विचारावा त्याच्याकडून निराळे उत्तर मिळते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळचा शेतकरी अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी मांडलेल्या घटाकडे पाहून येणाऱ्या सालाचा अदमास घेतो. तलाठ्याचे दप्तर १ ऑगस्टला नवे महसुली वर्ष उघडते. कापसाचा व्यापारी १ ऑक्टोबरपासून हंगाम मोजतो. आणि खामगावच्या चांदीच्या पेढीवर दिवाळीच्या अमावास्येला नव्या वहीचे पूजन होऊन कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोजमेळाला आरंभ होतो. ह्या साऱ्या वर्षारंभांना ऋतूचे, पिकाचे अथवा सणाचे काहीतरी कारण आहे. मात्र ज्या वर्षाच्या चौकटीत आज प्रत्येक दुकानदाराला आपली विक्री शासनापुढे मांडावी लागते, त्या एप्रिल ते मार्च ह्या वर्षाचे मूळ ना येथील शेतात आहे, ना येथील पेठेत.

ते शोधण्यासाठी विलायतेच्या खजिन्यापर्यंत जावे लागते. इंग्लंडात खंड, भाडे आणि देणी चुकती करण्याचे वर्षातून चार दिवस परंपरेने ठरलेले होते, आणि त्यांतील पहिला २५ मार्च हाच दीर्घकाळ तेथील कायदेशीर वर्षारंभही होता. १७५२ साली त्या देशाने पंचांग सुधारले तेव्हा अकरा दिवस गाळले गेले. परंतु खजिन्याला आपले वर्ष अकरा दिवसांनी आखूड होणे मानवले नाही, म्हणून त्याची अखेर ५ एप्रिलपर्यंत पुढे सरकली. व्यक्तीच्या आयकराचे वर्ष तेथे अजूनही त्याच तारखेला संपते, सरकारी हिशेबाचे मात्र पुढे ३१ मार्चला संपू लागले. वर्षाचे चार समान हप्ते पाडून प्रत्येकाच्या शेवटी हिशेब चुकता करावयाचा, ही तिमाहीची कल्पनाही त्याच मुलखात अशी रुजलेली होती.

हिंदुस्थान सरकारचे हिशेबी वर्ष प्रथम १ मे ते ३० एप्रिल असे होते. जेम्स विल्सन ह्यांनी १८६० साली मांडलेला पहिला अर्थसंकल्पही त्याच वर्षाचा. पुढे विलायतेच्या हिशेबाशी मेळ बसावा म्हणून १८६७ पासून वर्षाचा आरंभ १ एप्रिलला आणला गेला, आणि त्या सांध्यात १८६६-६७ हे वर्ष अकराच महिन्यांचे भरले. वऱ्हाड त्यापूर्वीच, १८५३ च्या तहान्वये, निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले होते. तेव्हा ही नवी अखेर येथील कचेऱ्यांतही आली. पेठेला मात्र तिने तूर्त स्पर्श केला नाही. खामगावला १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला, रुईच्या गाठी मुंबईकडे धावू लागल्या, तरी अडत्याचे खाते दिवाळीलाच मिटत राहिले. त्यात हेकटपणा नव्हता, सोय होती: दिवाळीच्या आधी जुन्या हंगामाचा माल बहुतेक निकाली निघालेला आणि नव्याची आवक जेमतेम सुरू झालेली, म्हणजे कोठारातील शिल्लक मोजण्यास ह्याहून हलका दिवस नाही. उलट ३१ मार्चला कापसाचे साल मध्येच छेदले जाते. काही गाठी विकलेल्या, काही जिनात पडलेल्या, काहींचा भाव अद्याप ठरावयाचा.

कायद्यानेही पुष्कळ काळ ही सोय मानली. १९२२ च्या आयकर कायद्यात व्यापाऱ्याला आपले हिशेबी वर्ष निवडण्याची मुभा होती आणि ती १९६१ च्या कायद्यातही टिकली. मारवाडी व गुजराती पेढ्या संवत वर्ष चालवीत आणि त्याच आकड्यांवर कर भरीत. वऱ्हाडापुरता १९४७ चा मध्यप्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा आला तेव्हा दर तिमाहीस विक्रीचे विवरणपत्र देण्याचा परिपाठ सुरू झाला, आणि वर्षातून एकदा ताळेबंद पाहणाऱ्या मुनिमाला चार वेळा बेरीज करावी लागू लागली. दिवाळी वर्षाची मुभा संपली ती १९८७ च्या दुरुस्ती कायद्याने: १ एप्रिल १९८९ पासून सर्वांचे आयकराचे वर्ष एकच झाले. जुनी अखेर सोडून नवी धरताना, २३ ऑक्टोबर १९८७ ला उघडलेली वही आयकरासाठी थेट ३१ मार्च १९८९ पर्यंत, म्हणजे सतरा महिन्यांहून अधिक काळ, चालवावी लागली. आर्थिक वर्ष जानेवारीला न्यावे, अशी शिफारस एल. के. झा समितीने थोडे आधीच केली होती. ती सरकारने स्वीकारली नाही.

चौकट सर्वांची एक झाली, पण सण त्या चौकटीत बसून राहात नाहीत. दिवाळीचे त्यात काही बिघडत नाही, कारण ती ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कोठेही आली तरी तिसऱ्याच तिमाहीत पडते. अक्षय्य तृतीया तशीच नेहमी पहिलीत. अडचण आहे ती गुढीपाडव्याची, कारण त्याची येरझार ३१ मार्चच्या नेमकी दोन्ही बाजूंना चालते. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला आला आणि २०२३ चा २२ मार्चला. म्हणजे २०२२-२३ ह्या एका आर्थिक वर्षात दोन पाडवे पडले. त्यापुढचा ९ एप्रिल २०२४ ला आल्याने २०२३-२४ हे वर्ष पाडव्याविनाच गेले. आणि २०२५ चा ३० मार्चला आल्याने २०२४-२५ ला पुन्हा दोन मिळाले!

समजा, चांदीच्या एका पेढीची जानेवारी ते मार्च ह्या तिमाहीची सामान्य विक्री चाळीस लाखांची आहे आणि पाडव्याच्या खरेदीने तीत सहा लाखांची भर पडते. धंद्यात तिळमात्र फरक न पडता तिची चौथी तिमाही २०२३ साली शेहेचाळीस लाख, २०२४ साली चाळीस आणि २०२५ साली पुन्हा शेहेचाळीस लाख दाखवील. मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी तुलना करण्याचा जो रिवाज आहे, तो पाळणारा पेढीच्या मालकाचा चिरंजीव प्रथम तेरा टक्के घट पाहून कामावरचा माणूस कमी करील, आणि पुढच्या वर्षी पंधरा टक्के वाढ पाहून नवीन शोकेस घेईल. दोन्ही निर्णय पंचांगाने घेतलेले असतील, गिऱ्हाइकाने नव्हे. वार्षिक बेरजेनेही सुटका होत नाही, कारण दोन, शून्य आणि दोन पाडव्यांची वर्षेच एकमेकांशेजारी उभी आहेत.

ह्याहून साधा घोटाळा यंत्राचा. बहुतेक संगणक जानेवारी ते मार्च ह्यांना पहिली तिमाही समजतात, आपल्याकडे ती चौथी. आणि २०२४ चा फेब्रुवारी २०२३-२४ चा असतो, हे त्यांना सांगावे लागते. तारखेतून तीन महिने वजा करून मग साल व तिमाही काढली की दोन्ही नीट जुळतात. ज्याच्या अहवालात दिवाळीची उसळी चौथ्या तिमाहीत दिसते, त्याची वजाबाकी राहून गेलेली आहे, हे न विचारता ओळखावे.

पाडव्याच्या फसवणुकीवर मला ठाऊक असलेला उपाय तितकाच साधा आहे. चौथी तिमाही आणि तिच्यामागून येणारी पहिली तिमाही, अर्थात जानेवारी ते जून हे सहा महिने, एकत्र धरून मागील वर्षाच्या त्याच सहा महिन्यांशी ताडून पाहावे. पाडवा मार्चात येवो वा एप्रिलात, त्या सहा महिन्यांत तो एकदाच येतो. चांदीचा भाव दरवर्षी हलत असल्याने रुपयांशेजारी विकलेल्या मालाचे किलोही लिहावे, नाहीतर भाववाढीलाच विक्रीची वाढ समजण्याचा दुसरा भ्रम होतो. वस्तू व सेवा कराच्या पोर्टलवर, जेथे पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्याला जानेवारी २०२१ पासून विवरणपत्र तिमाहीने देता येते, सणाच्या तारखेसाठी रकाना नाही. ती पेढीच्या स्वतःच्या वहीत, बेरजेच्या बाजूला, हातानेच टिपून ठेवावी लागते.