घाटवाटेचा वेळ

जुन्या घाटवाटांवरचे मुक्काम ठरवताना आपण सहसा ताशी पाच किलोमीटर हा एकच वेग धरतो. मला हा हिशेब पटत नाही. वॉल्डो टोब्लर या अमेरिकन भूगोलज्ञाने १९९३ मध्ये, स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांच्या नोंदींवरून, उतारानुसार बदलणारे सूत्र दिले:

W = 6e^(−3.5|S+0.05|)

W म्हणजे ताशी किलोमीटर, S म्हणजे चढ भागिले अंतर. उतरताना S उणे. सर्वाधिक वेग सपाटीवर नव्हे, तर शंभर मीटरला पाच मीटर अशा सौम्य उतारावर येतो.

समजा, वाट ३ किलोमीटर आणि चढ ६०० मीटर. सपाट हिशेबाने ३६ मिनिटे. सूत्राने चढायला ७२, उतरायला ५१. पण सरासरी उतारही फसवतो. हाच चढ शेवटच्या दीड किलोमीटरमध्ये एकवटला आणि आधीची वाट सपाट असली, तर ९० मिनिटे लागतात. म्हणून मी वाटेचे लहान तुकडे करून वेळ मोजतो, तोही वळणांसकट; नकाशावरच्या सरळ रेषेने नव्हे. डोक्यावरच्या ओझ्याला मात्र या सूत्रात जागाच नाही, आणि घाटात रिकाम्या हाताने चालणारे थोडेच.