पाळीच्या अर्धशिशीची कुळकथा

अर्धं डोकं ठणकणं, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं, हे दुखणं आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत ते ‘अर्धावभेदक’ या नावाने येतं, घरोघरी त्याला अर्धशिशी म्हणतात. अनेक बायकांना ती पाळीच्या तोंडावर नेमाने गाठते, हेही आजी-आयांना ठाऊक होतं. सतराव्या शतकातल्या युरोपीय वैद्यांनीही मासिक अर्धशिशीबद्दल लिहून ठेवलं आहे. ती त्याच दिवसांत का येते, याचं प्रयोगाने तपासलेलं उत्तर मात्र १९७० च्या दशकात मिळालं. ते शोधलं ऑस्ट्रेलियातले मज्जाविकारतज्ज्ञ ब्रायन सॉमरव्हिल यांनी.

त्याआधीचा संशय दोन संप्रेरकांवर होता. पाळी येण्याच्या काही दिवस आधी शरीरातलं प्रोजेस्टेरॉनही उतरतं आणि इस्ट्रोजेनही. दोन्ही एकाच वेळी खाली येत असल्याने नुसतं रक्त तपासून दोषी कोण ते ठरत नव्हतं. सॉमरव्हिलनी त्यांना वेगळं केलं. पाळीत नियमित डोकं दुखणाऱ्या मोजक्या बायकांना त्यांनी पाळीपूर्वी प्रोजेस्टेरॉन दिलं. रक्तस्राव पुढे गेला, पण बहुतेकींचं डोकं ठरल्या वेळीच दुखलं. हा निष्कर्ष १९७१ मध्ये छापून आला. मग सहा बायकांना पाळीपूर्वी इस्ट्रोजेनचं, म्हणजे इस्ट्राडायॉल व्हॅलेरेटचं, इंजेक्शन दिलं. आता उलट घडलं. पाळी वेळेवर आली आणि डोकेदुखी काही दिवस पुढे गेली. इंजेक्शनचा अंमल ओसरून रक्तातलं इस्ट्रोजेन उतरलं, तेव्हा ती आली. १९७२ च्या या लेखाने रक्तस्राव आणि डोकेदुखी यांची गाठ सोडवली. रक्त जाणं हे कारण नव्हतं. इस्ट्रोजेनची उतरण हे कारण होतं.

पण मग एक प्रश्न उरतो. पाळीनंतरचे काही दिवस इस्ट्रोजेन कमीच असतं, तेव्हा सतत डोकं का दुखत नाही? आणि महिन्याच्या मध्यावर, बीज सुटण्याच्या सुमारासही ते उतरतं, तेव्हा बहुतेकींना त्रास का होत नाही? सॉमरव्हिलच्या १९७५ च्या लेखांत याचा धागा सापडतो. ज्यांचं इस्ट्रोजेन आधीच कमी आहे, त्यांना थोड्या वेळापुरतं ते वाढवून मग उतरू दिलं तर डोकेदुखी येत नव्हती. काही दिवस ते चढं राहून मग खाली आलं, तरच येत होती. म्हणजे पातळी कमी असणं पुरेसं नाही. आधी शरीराला वरच्या पातळीची सवय व्हावी लागते आणि मग ती पातळी सुटावी लागते. महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन बरेच दिवस चढं असतं आणि पाळीच्या तोंडावर उतरतं. ही जुळणी महिन्यातून एकदाच होते.

उतरण प्रत्येक बाईची होते, अर्धशिशी मात्र प्रत्येकीला होत नाही. अर्धशिशीची प्रवृत्ती असलेल्या मेंदूत चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणांच्या वेदना वाहणारी ट्रायजेमिनल ही नस अधिक संवेदनशील असते. इस्ट्रोजेन उतरलं की तिचं भडकणं सोपं होतं. त्यात पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. पोटात कळा येतात त्या यांच्यामुळे आणि ती डोकेदुखीलाही खतपाणी घालतात. म्हणून पोटदुखीवरचं एक औषध डोक्यालाही उपयोगी पडतं. त्याकडे पुढे येऊ.

या शोधातून निदानाचा नियम तयार झाला. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पाळीचा पहिला दिवस १ धरतात, त्याआधीचा दिवस उणे १. मध्ये शून्य नाही. उणे २ ते ३ या पाच दिवसांच्या खिडकीत, तीनपैकी किमान दोन पाळ्यांत अर्धशिशी आली, तर ती पाळीशी निगडित मानतात. फक्त याच खिडकीत येत असेल तर तिला शुद्ध पाळीची अर्धशिशी म्हणतात. इतर दिवशीही येत असेल तर पाळीसंबंधित. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पाच दिवसांचा उपचार पहिलीला पुरतो आणि दुसरीला अपुरा पडतो.

हा नियम एका वहीवर लावून पाहू. उदाहरण कल्पित आहे. उमेळ्यात राहणारी, नायगावहून लोकल पकडून अंधेरीला कामाला जाणारी पस्तिशीतली एक बाई धरू. तिच्या पाळ्या ६ जून, ४ जुलै आणि १ ऑगस्टला आल्या. डोकं दुखायला लागल्याच्या तारखा ५ जून, १९ जून, ३ जुलै आणि ४ ऑगस्ट. जूनची खिडकी ४ ते ८, जुलैची २ ते ६, ऑगस्टची ३० जुलै ते ३ ऑगस्ट. ५ जून आणि ३ जुलै हे दोन्ही उणे १ दिवस, खिडकीच्या आतले. तीनपैकी दोन पाळ्या झाल्या, नियम पुरा झाला. १९ जून खिडकीबाहेर. त्या दिवशी तिने सकाळची न्याहारी चुकवली होती आणि दुपारपर्यंत पोटात काही नव्हतं. उपाशी राहणं हे अर्धशिशीचं ठाऊक असलेलं कारण आहे.

४ ऑगस्ट हा पाळीचा चौथा दिवस. तिने डोक्यावरून अंघोळ केली आणि ओल्या केसांनी गाडी गाठली. आपल्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी न्हाण्याची रीत अनेक घरांत आहे आणि न्हाल्यावर डोकं धरतं हेही बायका सांगतात. तो निव्वळ समज नाही. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी न्हाण्याने अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांच्या नोंदी २००६ मध्ये ‘सेफलाल्जिया’ या नियतकालिकात मांडल्या. पण या रीतीमुळे नोंदवहीत घोटाळाही होतो. न्हाणं आणि पाळी एकाच आठवड्यात पडतात, म्हणून पाळीचा दोष न्हाण्यावर आणि न्हाण्याचा दोष पाळीवर जाऊ शकतो. दुखणं सुरू झाल्याची तारीख आणि केस धुतल्याची तारीख वेगळी लिहिली, तरच ते उलगडतं. आपल्या उदाहरणात निदान असं निघतं: पाळीसंबंधित अर्धशिशी, जोडीला उपाशी राहणं आणि न्हाणं ही दोन स्वतंत्र कारणं.

आता उपचार. उतरण हेच कारण असेल तर उतरणच थांबवावी, हा विचार पहिल्यांदा सुचतो. सॉमरव्हिलनी स्वतः तो करून पाहिला आणि भरवशाचं यश आलं नाही. पुढे लंडनच्या डॉ. अ‍ॅन मॅकग्रेगर यांनी पाळीच्या सुमारास त्वचेवर इस्ट्रोजेनची जेल लावून चाचणी घेतली. २००६ मध्ये आलेला निकाल बोलका होता. जेल चालू असताना अर्धशिशीचे दिवस सुमारे २२ टक्क्यांनी घटले, पण ती थांबवल्यावरच्या पाच दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. उतरण टळली नव्हती, पुढे ढकलली गेली होती. सहा बायकांच्या इंजेक्शनमध्ये जे दिसलं, तेच चौतीस वर्षांनी जेलमध्ये दिसलं.

म्हणून आज बहुतेकदा उतरणीला हात न लावता ते दिवस सांभाळतात. पाळी नियमित असेल तर डॉक्टर नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाळीच्या दोन दिवस आधीपासून पाच-सहा दिवस देतात. आपल्या उदाहरणात पुढची पाळी २९ ऑगस्टला अपेक्षित, म्हणून औषध २७ ला सुरू आणि ३१ ला बंद. प्रोस्टाग्लँडिन कमी झाल्याने पोटाच्या कळांनाही उतार पडतो. मात्र पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकांनी वाढणारा दमा किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर हे औषध नको. पाळी मागेपुढे होत असेल तर ही योजनाच कोलमडते, कारण दोन दिवस आधी कधी, हे कळत नाही.

दुखणं आलंच तर ट्रिप्टान गटातली औषधं आहेत, जसं की सुमाट्रिप्टान किंवा रिझाट्रिप्टान. ती ठणका वाढण्याआधी, सुरुवातीलाच घ्यायची असतात. पाळीतलं दुखणं लांबतं आणि गोळीने ओसरून पुन्हा उठतं, म्हणून काही वेळा सुमाट्रिप्टानसोबत नॅप्रोक्सेन देतात. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान वर्ज्य. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस किंवा ट्रिप्टान १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर औषधानेच डोकं दुखू लागतं. आपल्या उदाहरणातल्या बाईला महिन्यात चार-पाच दिवस पाळीबाहेरचं दुखणंही वाढलं, तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचा विचार करावा लागेल.

हीच उतरण गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातही असते. माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की इस्ट्रोजेन बंद होतं आणि काहींना त्याच आठवड्यात अर्धशिशी येते. दोष लोहाच्या गोळीला दिला जातो, पण कारण आधीच्या गोळ्या थांबणं हे असतं. अशा वेळी डॉक्टर मधला आठवडा गाळून संप्रेरकाच्या गोळ्या सलग घ्यायला सांगू शकतात. मात्र दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येत असतील, नजरेचा भाग झाकला जात असेल किंवा हात-ओठ बधिर होत असतील, तर त्याला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या बाईने इस्ट्रोजेनयुक्त गोळी घेऊ नये, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. गोळी लिहून देणाऱ्याने हा प्रश्न विचारला नाही, तर आपण होऊन सांगावं.

क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, बोलणं अडखळणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेलं जोराचं दुखणं, ही पाळीची अर्धशिशी समजून घरी थांबायची लक्षणं नव्हेत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

बाकी प्रत्येकीला सांगणं एवढंच. निदानासाठी रक्तातलं इस्ट्रोजेन मोजून घ्यायची गरज सहसा नसते. सलग तीन पाळ्यांचं कॅलेंडर लागतं. त्यावर पाळीचा पहिला दिवस, डोकं दुखायला लागल्याचा दिवस, न्हाल्याचा दिवस, चुकलेलं जेवण आणि घेतलेली प्रत्येक गोळी लिहा आणि तेच कॅलेंडर डॉक्टरांपुढे ठेवा.