स्मार्ट स्पीकरला ‘बिल भर’ म्हटलं की पैसे नेमके कोणाच्या परवानगीने जातात?

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी स्मार्ट स्पीकर ठेवलेला असतो. त्याच्यावर गाणी लागतात, गजर लागतो आणि सोय सुरू केलेली असेल तर वीजबिलही भरलं जातं. ॲमेझॉनने अलेक्सावरून बिल भरण्याची सुविधा भारतात फेब्रुवारी २०२० मध्ये आणली. वीज, पाणी, गॅस, मोबाईल अशी बिलं नुसतं बोलून भरता येतील, अशी ती सोय होती. पण आवाज म्हणजे सही नव्हे. मग त्या एका वाक्यावर पैसे कसे कापले जातात? आणि ते वाक्य घरातलं भलतंच कोणी बोललं तर?

परवानगी आधीच दिलेली असते

स्पीकर पहिल्यांदा सुरू करताना घरातलं कोणीतरी आपल्या मोबाईलवरून ॲपमध्ये लॉगिन करतं. त्या क्षणी स्पीकर त्या व्यक्तीच्या खात्याला जोडला जातो. त्या खात्यात पत्ता असतो, वॉलेट असतं, महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांकही साठवलेला असू शकतो. त्यानंतर स्पीकरला मिळणारा प्रत्येक आदेश ‘खातेदाराच्या घरातून आलेला आदेश’ म्हणून पुढे जातो. तो खातेदारानेच दिला आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर स्पीकर आपणहून शोधत नाही.

म्हणजे पैशांची खरी परवानगी सेटअपच्या दिवशीच दिलेली असते. रोजचा आवाज ती परवानगी फक्त वापरतो.

एक बिल, पायरी पायरीने

समजा, बदलापूर पूर्वेच्या एका घरात वीजबिल १,२४० रुपये आलं आहे. खातं पतीच्या नावावर आहे आणि तो सकाळच्या लोकलने दादरला कामावर गेला आहे. घरी पत्नी हिंदीत म्हणते, “अलेक्सा, बिजली का बिल भरो.” (अलेक्साला भारतात इंग्रजी आणि २०१९ पासून हिंदी येते.)

‘अलेक्सा’ हा शब्द स्पीकर स्वतःच ओळखतो. त्यासाठी त्याला इंटरनेट लागत नाही. तो शब्द ऐकला की निळा दिवा लागतो आणि पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. तिथे आवाजाचा मजकूर होतो, ‘बिल भरायचं आहे’ हा हेतू ओळखला जातो आणि खात्याला जोडलेल्या ग्राहक क्रमांकावरून बिलाची रक्कम काढली जाते. मग स्पीकर रक्कम सांगतो आणि भरू का, असं विचारतो. पिन लावलेला असेल तर तोही मागतो.

पैसे जातात ते ॲमेझॉन पेच्या वॉलेटमधून. त्यात २,००० रुपये असतील तर बिल भरलं जाऊन ७६० उरतात. पण वॉलेटमध्ये ५०० रुपयेच असतील, तर व्यवहार आवाजावर पूर्ण होत नाही. खातेदाराच्या मोबाईलवर लिंक जाते आणि उरलेलं काम दादरला बसलेल्या पतीला मोबाईलवर करावं लागतं.

कार्ड आणि बँक खातं का सुटतं?

याचं कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. भारतात ऑनलाइन कार्ड व्यवहारांना २००९ पासून पडताळणीचा जादा टप्पा लागतो, तोच आपला ओटीपी. यूपीआयमध्ये साधारणपणे पिन मोबाईलच्या स्क्रीनवर टाइप करावा लागतो. या दोन्ही गोष्टी दिवाणखान्यातला स्पीकर करू शकत नाही. वॉलेटमध्ये मात्र पैसे आधीच भरलेले असतात आणि तिथे रिझर्व्ह बँकेची अट आहे ती प्रत्येक व्यवहाराला ग्राहकाची स्पष्ट संमती असण्याची.

म्हणून आवाजावरून होणाऱ्या नुकसानाची मर्यादा साधारण वॉलेटमधल्या शिलकीइतकी राहते. वॉलेटमध्ये दहा हजार ठेवणाऱ्याचा धोका हजार ठेवणाऱ्याच्या दहापट असतो, इतका सरळ हिशेब आहे.

कुलूप पहिलं : पिन

चार अंकी पिन हे सगळ्यात साधं कुलूप. नको त्या आवाजाला ते लगेच अडवतं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये सहा वर्षांच्या मुलीने अलेक्साशी बोलता बोलता बाहुलीघर मागवलं. त्याची बातमी सॅन डिएगोच्या एका वाहिनीवर देताना निवेदकाने तेच वाक्य उच्चारलं आणि काही प्रेक्षकांच्या घरचे स्पीकर टीव्हीचा आवाज ऐकून बाहुलीघर मागवायला निघाले. पिन असता तर टीव्हीला तो सांगता आला नसता.

पण हा पिन मोठ्याने बोलावा लागतो आणि दरवेळी तोच असतो. वन बीएचकेमध्ये तो मुलांच्या कानावर पडणारच. दार उघडं असेल तर शेजारीही ऐकतात. त्यामुळे हा पिन एटीएमच्या किंवा यूपीआयच्या पिनपेक्षा वेगळाच हवा. यूपीआय पिन स्पीकरसमोर कधीही बोलू नका.

कुलूप दुसरं : आवाजाची ओळख

खातेदार काही वाक्यं बोलून आपल्या आवाजाचा नमुना नोंदवू शकतो. मग स्पीकर नवा आवाज त्या नमुन्याशी ताडून पाहतो. पण हे जुळणं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं नसतं, ते अंदाजाने ठरतं. सर्दी झाली, कुकरची शिट्टी झाली की तुमचाच आवाज ओळखला जाणार नाही. उलट बहिणी-बहिणींचे किंवा बाप-लेकाचे आवाज जवळचे असतात आणि रेकॉर्ड केलेला आवाजही चकवू शकतो. गाणी कोणाच्या आवडीची लावायची, हे ठरवायला ही ओळख पुरते. पैशांसाठी तिच्या जोडीला पिन ठेवावा.

गडबड झाली हे कसं कळेल?

कोणी न बोलता निळा दिवा लागला, तर स्पीकरने काहीतरी चुकीचं ऐकलं आहे. काय ऐकलं, ते ॲपमधल्या आवाजाच्या इतिहासात वाचता आणि ऐकता येतं. पैसे गेले की खातेदाराला संदेश येतो. तो लोकलच्या गर्दीत न वाचता राहिला, तर मात्र अडचण होते, कारण इथे दिवस मोजले जातात.

रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०१९ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा कंपनीची चूक नसताना तिसऱ्याच कोणी वॉलेटमधून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर जबाबदारी व्यवहाराची रक्कम किंवा १०,००० रुपये, यातली जी कमी असेल तेवढी. संदेश आला तो दिवस यात धरत नाहीत. पिन स्वतःच कोणाला सांगितला असेल तर ती ग्राहकाची हयगय ठरते आणि कळवेपर्यंतचं नुकसान त्यालाच सोसावं लागतं. घरातल्याच मुलाने बोलून केलेल्या खरेदीला या नियमाचा आधार मिळेल, असं गृहीत धरू नये.

आज काय तपासाल?

अलेक्सा ॲपमध्ये `Settings`, मग `Account Settings` आणि तिथे `Voice Purchasing` उघडा. आवाजाने खरेदी नकोच असेल तर ती बंद करा. हवी असेल तर पिन लावा, वॉलेटमध्ये एका बिलापुरतीच रक्कम ठेवा आणि स्पीकर ज्याच्या खात्यावर आहे त्याच्या मोबाईलवर संदेश येतात ना, ते पाहा. स्पीकर विकताना किंवा नातेवाइकाला देताना तो आधी आपल्या खात्यातून काढून टाका. नाहीतर नव्या घरातला आवाजही तुमच्याच खात्याचा आदेश ठरेल.