रेल्वेच्या वेळापत्रकाने महायुद्ध घडवलं? इतिहासकाराचा दावा कसा तपासायचा

इतिहासाच्या निबंधात इतिहासकाराचं एखादं विधान देऊन ‘चर्चा करा’ असं म्हटलेलं असतं. मग बहुतेक जण अर्धा निबंध बाजूने लिहितात, अर्धा विरोधात, आणि शेवटी ‘दोन्हींत तथ्य आहे’ म्हणून मोकळे होतात. यात चर्चा होते, पण तपासणी होत नाही. मी विज्ञानातून आलेय, त्यामुळे मला आधी एकच प्रश्न पडतो: हे विधान खरं असेल, तर पुराव्यात काय दिसायला हवं?

एक उदाहरण घेऊ. ब्रिटिश इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांचं म्हणणं असं, की १९१४ चं महायुद्ध कुणाला मनापासून नको होतं; सैन्य जमवण्याच्या रेल्वे वेळापत्रकांनीच ते राज्यकर्त्यांवर लादलं. १९६९ मध्ये त्यांनी यावर ‘वॉर बाय टाइमटेबल’ नावाचं पुस्तकच लिहिलं.

पहिली पायरी म्हणजे विधान फोडणं. यात दोन वेगळे दावे आहेत. एक, लष्करी योजना इतक्या ताठर होत्या की ऐन वेळी बदलता येत नव्हत्या. दोन, या ताठरपणामुळेच राज्यकर्ते युद्धात ओढले गेले. पहिला खरा असला म्हणून दुसरा आपोआप खरा ठरत नाही. निबंध घसरतो तो नेमका इथेच.

आता पहिला दावा घ्या. १ ऑगस्टच्या संध्याकाळी लंडनहून तार आली आणि फ्रान्स तटस्थ राहील अशी आशा कैसर विल्हेल्मला वाटली. त्याने सेनाप्रमुख मोल्टकेला सगळं सैन्य पूर्वेला, रशियाकडे वळवायला सांगितलं. मोल्टके म्हणाला, लाखोंच्या सैन्याची मांडणी अशी आयत्या वेळी बदलता येत नाही. टेलर यांच्यासाठी हा हुकमी पुरावा. पण युद्धानंतर जर्मन रेल्वे विभागातला जनरल श्टाब याने पुस्तक लिहून दाखवलं की सैन्य वळवणं शक्य होतं. आता कुणाचं मानायचं? दोघांचेही हितसंबंध लक्षात घ्या: मोल्टकेला आपला नकार योग्य ठरवायचा होता, श्टाबला आपल्या विभागाची अब्रू राखायची होती. म्हणून एकाच्याच शब्दावर निष्कर्ष टेकवू नका. वादाबाहेरची एक गोष्ट मात्र आहे. फक्त पूर्वेकडे सैन्य मांडण्याची स्वतंत्र योजना जर्मनीकडे होती, आणि १९१३ मध्ये सेनामुख्यालयाने ती दरवर्षी अद्ययावत करणं थांबवलं. म्हणजे वेळापत्रक ताठर होतं हे खरं, पण ते तसं ठेवण्याचा निर्णय माणसांनीच घेतला होता.

दुसऱ्या दाव्यासाठी ऑस्ट्रिया-हंगेरीकडे बघा. वेळापत्रक लोकांना ढकलत होतं, तर सैन्य तयार झाल्यावर युद्ध जाहीर व्हायला हवं. घडलं उलटंच. ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं २८ जुलैला, आणि सैन्य प्रत्यक्ष आत शिरलं १२ ऑगस्टला. सैन्य तयार व्हायला अजून दोन आठवडे लागणार होते, तरी सरकारला घाई होती. ही घाई राजकीय होती. त्याआधी ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचं आश्वासन दिलं, तेव्हा तर कुठलीच गाडी सुटायची नव्हती.

रशियाचा पुरावा दोन्हीकडे वळतो, म्हणून तो लपवू नका. अर्धवट जमवाजमव केली तर नंतर पूर्ण जमवाजमव कोलमडेल, असं सेनाधिकाऱ्यांनी झारला सांगितलं. हे टेलर यांच्या बाजूचं. पण २९ जुलैला मंजूर केलेला पूर्ण जमवाजमवीचा हुकूम झारने त्याच रात्री मागे घेतला आणि ३० तारखेला पुन्हा दिला. म्हणजे थांबवणं अजून त्याच्या हातात होतं.

मग टेलर चूक? तसंही नाही. जर्मन योजनेत जमवाजमव सुरू होताच बेल्जियममधलं लिएज घाईने घ्यायचं होतं, कारण सैन्याची वाट तिथूनच जात होती. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात उतरलं. इथे लष्करी वेळेने मुत्सद्देगिरीचा वेळ खरंच खाऊन टाकला.

म्हणून शेवटी ‘काही अंशी सहमत’ एवढंच लिहू नका. किती अंशी आणि कुठे, ते सांगा. उदाहरणार्थ: ‘३० जुलै ते ४ ऑगस्ट या दिवसांत संकट इतक्या वेगाने का पसरलं, हे टेलर यांच्या दाव्यातून कळतं, पण जुलैमध्ये व्हिएन्ना आणि बर्लिनने युद्धाचा धोका का पत्करला, हे त्यातून कळत नाही.’ या वाक्यात तारखा आहेत, मर्यादा आहे, आणि कुणी नवा पुरावा आणला तर ते खोडताही येतं.